पाण्याखालची वाट आणि नकाशावरची रेघ

सावंतवाडीच्या तहसील कचेरीबाहेर, कुंपणाला टेकलेल्या एका लाकडी टेबलाशी माझ्या आयुष्याची अनेक वर्षे गेली. दाखले, वारसनोंदी, हद्दीचे तंटे, अडवलेल्या पाणंदी, बंद पडलेली निवृत्तिवेतने, माणसाच्या आयुष्यात जे जे कागदावर उतरू शकते ते सारे माझ्या हातून उतरले आहे. माझे शालेय शिक्षण आठवीच्या पुढे गेले नाही, हे मी लपवत नाही. परंतु ‘सविनय सादर’ या दोन शब्दांपासून ‘येणेप्रमाणे विनंती’ या दोन शब्दांपर्यंतचा प्रदेश या तालुक्यात माझ्याइतका कोणी पायी तुडवलेला नाही, हे कचेरीतले शिपाईसुद्धा मान्य करतील. वकील लोक माझा मसुदा घेऊन जात आणि खाली स्वतःची सही करत. मी कधी तक्रार केली नाही. नदी समुद्राला मिळते तेव्हा ती आपले नाव मागत नाही.

दोन हजार नऊ सालच्या आसपासची ही हकीकत आहे. आज ती आठवताना प्रथम डोळ्यांसमोर येते ते एक हिरवट-तपकिरी चित्र. आकाशातून कोणीतरी पापणी न लवता खाली पाहत बसले आहे आणि त्याच्या नजरेत आमचा मुलूख पाण्यावर तरंगणाऱ्या पानासारखा पडला आहे, असे ते चित्र.

आरोंद्याच्या बाजूला खाडीकाठी एक कोळीवाडी आहे. तिथली एक वृद्ध मासेविक्री करणारी बाई माझ्याकडे आली. सगळे तिला काकी म्हणत, मीही म्हणू लागलो. पासष्टीच्या आतबाहेरची, गुडघ्यांनी कुरकुरणारी; पण जिभेने मुळीच न कुरकुरणारी. तिच्याबरोबर आणखी चार बायका होत्या. वाडीतून बाजारात जायची त्यांची जुनी वाट होती. धक्क्यावरून निघायचे, बांधावरून खाजणाच्या खाऱ्या दलदलीच्या कडेला यायचे, खाडीचा अरुंद फाटा पायी ओलांडायचा, पलीकडच्या माडाच्या बागेतून सरळ डांबरी रस्त्यावर निघायचे. तिथे शिरोड्याला जाणाऱ्या रिक्षा मिळत. ही बाग बाहेरच्या एका माणसाने विकत घेतली होती. त्याने तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला काढल्या आणि बागेला काटेरी तार घातली. वाट बंद झाली. पुलावरून वळसा घालून रस्त्याला लागायचे तर डोक्यावरच्या पाटीखाली तास-दीड तास जास्त.

“तुका म्हायत नाय,” काकी मला म्हणाली, “बाजारात बसूची जागा सासूकडसून माका इली. ओट्याच्या कोपऱ्यार. रोज बसात त्याचीच ती जागा. चार म्हयने झाले, मी दोनप्रहरा पोचतंय, तवसर गिऱ्हायक घराक गेल्यालां आसता. आता थंय दुसरी पाटी लावूक लागली. आणि थोडे दिस असांच चललां, तर माजी जागा गेली.”

“म्हणजे कायमची?”

“मगे? ओटो काय माज्या नावार आसा? बसलंस तर तुझो.”

बाजाराचा कायदा कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नसतो. परंतु तो तिथल्या सगळ्या बायकांना पाठ असतो आणि त्यावर अपील चालत नाही. मी अर्ज लिहिला. पूर्वापार वहिवाटीची पायवाट अडवल्याबद्दलचा, चांगला चौदा पानांचा, चतुःसीमांसह. ‘पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक’ लिहिताना माझी लेखणी नेहमी रंगात येत असे.

नायब तहसीलदार नवे होते, घाटावरचे, वयाने तरुण. त्यांनी माझी चौदा पाने हातात तोलली आणि हसून म्हणाले, “भाऊ, हे मी वाचेन. पण मला जायचंय कुठे ते यातून कळत नाही. पूर्वेस सामायिक बांध! असे बांध मी पाहिलेत किती.” मग त्यांनी आपल्या टेबलावरचा संगणक माझ्याकडे वळवला. “इंटरनेटवर फुकटचा नकाशा आहे. त्यात आपली वाट आपल्याला आखता येते. जिथे जिथे थांबायचं तिथे खूण करा, दोन ओळी लिहा आणि लिंक मला पाठवा, तलाठ्याला पाठवा, बागवाल्याच्या मुखत्यारालाही पाठवा. म्हणजे पाहणीला सगळे एकाच वाटेने चालतील. नंतर कोणी म्हणायला नको, आम्हाला दुसरीच वाट दाखवली.”

मला ते खटकले. माझ्या चौदा पानांची जागा एका रेघेने घ्यावी? परंतु माणसाने काळाचा अवमान करू नये. कचेरीसमोरच एक नेट कॅफे होता. तो चालवणारी बाई लग्न होऊन आंबोलीच्या वाटेवरच्या एका शेतकरी घरात आलेली होती. तिला संगणकाचे शिक्षण होते आणि सासऱ्यांना तिचा अभिमान होता. ती मला भाऊ म्हणे आणि तोंडाने न बोलता भुवईने बोलत असे.

काकीला मी मुद्दाम बोलावून घेतले. वाट तिची होती, रेघ मात्र मी ओढणार होतो.

कॅफेवाल्या बाईने माझ्या नावाने खाते उघडले, नकाशाचे पान काढले आणि रस्त्यांचे चित्र बदलून उपग्रहाचे चित्र घेतले. मग माऊसचे चाक फिरवत ती आमच्या मुलखावर उतरू लागली. आधी सगळा किनारा दिसला, दुमडलेल्या निळ्या कापडाची कड असावी तसा. मग खाडीची बोटे दिसली. मग माडांचे गोल गोल शेंडे, कोणीतरी हिरवे तारे वेलबुट्टीसारखे मांडून ठेवले आहेत असे. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर एसटीचा आवाज होता, आणि आम्ही तिघे जमिनीपासून सुटून अधांतरी तरंगत होतो. ज्या काकीला एक अक्षर येत नव्हते, ती त्या चित्राकडे असे पाहत होती, जसे मी माझ्या वडिलांचे हस्ताक्षर पाहतो.

“हां,” ती हळूच म्हणाली, “ह्यां माजां घर. ह्यो पडवीचो पत्रो. त्यो दर्यात उभो केलेलो माज्या घोवाचो जाळ्याचो खुंट.” आणि मग डोळे बारीक करून: “ह्यां चित्र सुकतीचां.”

“कशावरून?” कॅफेवालीने विचारले.

“बघ मां. चिखोल कसो उघडो पडलो. फाट्यात ह्ये काळे ठिपके दिसतत, ते दगड. भरतीक दिसतले काय?”

खाडीच्या अरुंद फाट्यात खरोखरच एक तुटकी काळी माळ दिसत होती. चिखलातून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. चिऱ्याचे दगड. कोणी कधी टाकले हे तिच्या सासूलाही माहीत नव्हते.

कॅफेवाल्या बाईने नवा नकाशा तयार केला. त्याला मी नाव दिले: ‘मौजे खाडीकाठ येथील पूर्वापार पायवाट – स्थळपाहणी’. नकाशा सगळ्या जगाला दाखवायचा की फक्त ज्याच्याकडे लिंक आहे त्याला, असे दोन पर्याय होते. आम्ही दुसरा घेतला, कारण दावा सुरू होता. मग काकीने बोट ठेवले तिथे बाईने निळी टाचणी रोवली. एक टाचणी धक्क्यावर. एक बांधाच्या वळणावर, जिथे बायका पाटी उतरवून श्वास घेत. एक खाडीच्या फाट्यावर, दगडांच्या माळेशी. एक बागेच्या तारेशी. शेवटची डांबरी रस्त्यावर, जिथे रिक्षा थांबत. मग रेघेचे साधन घेऊन तिने पहिल्या टाचणीवर टिचकी मारली आणि काकीचे बोट जसजसे सरकले तसतशी टिचक्या मारत गेली. बागेत माडांच्या शेंड्यांखाली वाट दिसत नव्हती, पण काकीने शेंडे मोजून सांगितले: “हय तीन सोडून डावीकडे. हय जोडमाड, त्याच्या मधसून.” शेवटी दोन वेळा टिचकी मारली तशी रेघ संपली आणि तिची लांबी दिसू लागली. सव्वा किलोमीटर. पुलावरून जायचे म्हणजे साडेपाच. काकीला तो आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, “माज्या गुडघ्यांका ह्यां आधीच म्हायत आसा.”

मग प्रत्येक टाचणीत मजकूर भरायचा होता. इथे मी सूत्रे हाती घेतली. काकी बोलत गेली आणि मी तिचे बोलणे शुद्ध करून कॅफेवालीला सांगत गेलो. धक्का: ‘सदर ठिकाणाहून पायवाटेस प्रारंभ होतो.’ बांध: ‘येथे वाटसरू भार खाली ठेवून विश्रांती घेतात.’ फाट्याशी आल्यावर काकी म्हणाली, “लिव, हय सुकतीक उतरूचा, दगडार पाय ठेवन. भरतीक साडेचार तास आधी आणि साडेचार तास मागे पाणी जास्त आसता, तेव्हा कोणी उतरत नाय. तिथीवरसून वेळ बघूची.”

मी क्षणभर विचार केला. ‘सुकती’ हा ओहोटीचा वाडीतला शब्द कचेरीच्या कागदात शोभेल का? तिथीचा उल्लेख सरकारी कामात? आणि इतका तपशील एका टाचणीत? मी कॅफेवालीला सांगितले, “लिही: येथून खाडीपात्र दगडांवरून ओलांडून पलीकडील तीरावर जाता येते.”

कॅफेवालीची भुवई किंचित वर गेली.

“सगळां लिवलंस मां?” काकीने विचारले.

“सगळं लिहिलं,” मी म्हणालो. त्या क्षणी मला ते खरेच वाटले होते.

नकाशा जपून ठेवला गेला, लिंक निघाली आणि ती तीन ठिकाणी ईमेलने गेली: साहेबांना, तलाठ्याला, मुखत्याराला. त्या रात्री झोपताना मला ती निळी रेघ दिसत होती. माझ्या सगळ्या लेखनात हीच एक गोष्ट अशी होती जिच्यात ‘सविनय’ नव्हते. ती नुसतीच जात होती.

साहेबांनी पाहणी मंगळवारी सकाळी अकरा वाजता ठेवली. नोटीस माझ्या पत्त्यावर आली. काकीला मी निरोप पाठवला: ‘मंगळवारी पाहणी, साहेब नकाशाप्रमाणे येतील.’ निरोपात वेळ सांगितली नाही. कारण साहेबलोकांची वेळ ही वेळ नसते, असा माझा जन्मभराचा अनुभव. काकीने मात्र निरोपाचा अर्थ असा घेतला की साहेब नकाशाप्रमाणे येतील, आणि नकाशात तर सगळे लिहिलेले आहे.

मंगळवारी पौर्णिमा होती.

अकराला आम्ही बांधावर पोहोचलो. साहेब, तलाठी, मी आणि मुखत्यार. मुखत्यार लांबट चेहऱ्याचा, हातात रंगीत छापील कागद. त्याने नकाशा उघडून छापून घेतला होता आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता. बांधाच्या वळणावर साहेब थांबले, टाचणी पाहिली, ठीक म्हणाले. मग आम्ही फाट्यापाशी आलो.

फाटा नव्हता. म्हणजे, होता तो एक रुंद, शांत, चकचकीत आरसा होता. आभाळ त्यात पाठीवर निजले होते. माडांच्या सावल्या पाण्यात उलट्या उतरल्या होत्या आणि एक पांढरा बगळा आपल्याच प्रतिबिंबावर उभा असल्यासारखा पलीकडे उभा होता. इतके सुंदर पाणी मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, आणि इतके वाईट पाणीही.

मुखत्याराने आपला कागद पुढे केला. “साहेब, नकाशात रेघ इथून सरळ पलीकडे जाते. माणसं इथून चालत जातात म्हणे. चालून दाखवा म्हणावं. की उडतात?”

तलाठी हसला. साहेबांनी पाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “भाऊ, तुम्हीच लिहिलंय, ‘दगडांवरून ओलांडून’. कुठे आहेत दगड?”

मी पाण्याकडे बोट केले आणि पुन्हा खाली घेतले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे म्हणणे मांडले, त्याला स्वतःचे म्हणणे नसते, हे मला त्या काठावर कळले.

एवढ्यात वाडीकडून काकी आणि बायका पळत आल्या. कोणीतरी त्यांना सांगितले होते की साहेबांची गाडी आली. काकी धापा टाकत उभी राहिली आणि आधी पाण्याकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “अरे, ह्या टायमाक कित्याक हाडलंस ह्यांका? आज पुनव! पुनवेक अकरा-सव्वाअकराक भर भरती. नकाशात लिवलंस मां?”

मी खाली पाहिले.

“नाय लिवलंस?” ती म्हणाली. मग इतक्या हळू की बाकीच्यांना ऐकू गेले नसावे: “माका वाटलां, तू शिकलेलो.”

साहेब घाटावरचे असले तरी समजूतदार होते. त्यांनी विचारले, “भरती म्हणजे हे पाणी जातं का?”

“साहेबानू,” काकी म्हणाली, “तिथीची पाऊणपट करूची. पुनव म्हणजे पंदरा. पंदरांची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा पाणी भरता. थंयसून सहा तासान सुकता. सवापाचाक येवा, मी दगडारसून जावन दाखवतंय. आणि अष्टमीक म्हटलात तर सकाळी सहाक भर, दोनप्रहरा सुकता. आमचो बाजार घड्याळार नाय, तिथीर चलता.”

“म्हणजे रोज वाट नाही?” मुखत्यार पटकन म्हणाला.

“वाट रोज आसा,” काकी म्हणाली. “तुझी कचेरी रोज आसा मां? मगे रात्री जातस काय थंय?”

चार बायका एकदम हसल्या. तलाठी मुखत्याराकडे बघून हसला, कारण आता हसण्याची दिशा बदलली होती.

साहेबांनी घड्याळ पाहिले. त्यांना शिरोड्याच्या बाजूला दुसरे काम होते. “पाचला मी परत येतो,” ते म्हणाले. “आणि भाऊ, नकाशात ही वेळेची गोष्ट नीट लिहा. तोपर्यंत.”

ते गेले. मुखत्यार आपल्या गाडीत जाऊन बसला. मी खिशातून मोबाईल काढला आणि सावंतवाडीला कॅफेवालीला फोन लावला.

“नकाशा उघडतेस का? फाट्याची टाचणी. मजकूर बदलायचा आहे.”

“उघडलं, भाऊ. बदलून जपून ठेवला की ज्याला लिंक दिली त्याला नवाच दिसेल. सांगा.”

मी काकीकडे पाहिले. ती बांधावर बसली होती, पाय पाण्यात सोडून. मी तिला म्हणालो, “काकी, तूच सांग. मी पुढे सांगतो.” ती बोलली आणि मी एकेक वाक्य फोनमध्ये सोडत गेलो: हय सुकतीक उतरूचा. दगडार पाय ठेवन. तिथीची पाऊणपट ती भर भरती.

फोनच्या पलीकडून टायपिंगचा आवाज आला आणि मग थांबला. “भाऊ, शुद्ध करून लिहू? ‘ओहोटीच्या वेळी’?”

“नको,” मी म्हणालो. “कंसातही नको. जसं आहे तसं.”

मग आम्ही वाट पाहिली. ती दुपार माझ्या आयुष्यातल्या सगळ्या दुपारींपेक्षा लांब होती आणि तरीही ती कशी गेली ते मला सांगता येणार नाही. बायकांनी शेंगदाण्याचे लाडू आणि पेज आणली. मी, सावंतवाडीचा अर्जनवीस, बांधावर बसून वाटीने पेज प्यालो. पाणी हलत नव्हते. मग हलत होते, पण आपण पाहत असताना नाही. डोळा वळवला की बोटभर मागे सरकायचे. काठावरच्या गवताला एक ओली रेषा राहिली, मग तिच्याखाली दुसरी. माडांची उलटी झाडे पाण्यात तुटू लागली, शेंड्यापासून. बगळा चालू लागला. आकाशातून पाहणारा तो डोळा आत्ता, या क्षणी, आमच्यावर असता तर त्याला काय दिसले असते? पाच बायका, एक माणूस, आणि हळूहळू सापडत जाणारी एक वाट.

चारच्या सुमारास पहिला दगड दिसला. त्याच्यावर हिरवे शेवाळ होते आणि पाण्याची एक पातळ चादर त्याच्यावरून घसरत होती. मग दुसरा. मग मधला, जो मोठा होता. नकाशात मी पाहिलेले काळे ठिपके आता चिखलातून, एकामागून एक, झोपेतून उठणाऱ्या माणसांसारखे वर येत होते. चिऱ्याच्या माथ्यावर वाटीसारखे खोलगट खड्डे होते. पायांनी पडलेले. किती पायांनी, कोण सांगणार.

पाच वाजून गेल्यावर साहेब आले. मुखत्यारही गाडीतून उतरला, आणि यावेळी त्याच्याकडे नवा मुद्दा होता.

“साहेब, यांनी दुपारीच नकाशा बदलला! सकाळी आम्ही पाहिला तो वेगळा होता. माझ्या माणसाने ऑफिसमधून फोन करून सांगितलं. हे काय चाललंय? पाहणी चालू असताना पुरावा बदलायचा?”

मी घाबरलो. खरे तर तो बरोबर बोलत होता. ज्याच्या हातात खाते आहे तो नकाशा केव्हाही बदलू शकतो. कागदावरच्या सहीसारखी त्याला गाठ नसते.

साहेब म्हणाले, “मीही पाहिला. शिरोड्याला एका कार्यालयात संगणक होता. मजकूर बदलला आहे, मीच सांगितलं होतं. प्रश्न रेघ बदलली का, हा आहे.” आणि त्यांनी हात पुढे केला. “तुमचा सकाळचा कागद द्या.”

मुखत्याराला तो देणे भाग पडले. प्लास्टिकच्या पिशवीतला तो छापील कागद, ज्यावर मी सुधारलेला एकही शब्द पोहोचू शकत नव्हता, साहेबांनी संध्याकाळच्या उजेडात उंच धरला. त्यावर निळी रेघ होती. ती धक्क्यावरून, बांधाच्या वळणावरून आणि फाट्यात त्या काळ्या ठिपक्यांच्या अगदी माथ्यावरून गेली होती. साहेबांनी कागद खाली घेतला आणि समोर पाहिले. दगडांची माळ तीच होती. एकेक दगड, कागदावरच्या एकेका ठिपक्याशी जुळणारा.

“रेघ सकाळीही इथेच होती,” साहेब म्हणाले. “पाणी तेवढं नंतर गेलं.”

काकी आधी उतरली. तिने पाटी घेतली होती, रिकामी, डोक्यावर. रिकाम्या डोक्याने आपल्याला त्या दगडांवर चालता येत नाही, असे ती म्हणाली. तिच्यामागे बायका, मग साहेब बूट हातात धरून, मग तलाठी, मग मी. चिखलाचा गार, आंबूस वास येत होता. माझा पाय मधल्या दगडाच्या खोलगट खड्ड्यात बरोबर बसला आणि मला वाटले की मी कोणाच्यातरी पावलात उभा आहे. मागे वळून पाहिले तर मुखत्यार काठावर उभा होता. तो उतरला नाही.

पलीकडे वाट बागेच्या तारेशी जाऊन थांबली. तारेच्या आत, जमिनीवर, गवत नसलेला एक पट्टा जोडमाडाच्या मधून पुढे गेलेला दिसत होता. साहेबांनी तिथे उभे राहून तलाठ्याला पंचनामा सांगितला, आणि काकीला विचारले, “तुम्ही इथून किती वर्षं जाता?”

“लगीन झाल्यापासून. म्हणजे लगीन झालां तेव्हा वरात पण हयसूनच गेली. वाजंत्री पाण्यात पडलो होतो.”

साहेब हसले आणि ते पंचनाम्यात घालू नका म्हणाले. तलाठ्याने ते घातले असावे, असा माझा संशय आहे.

आदेश निघायला दीड महिना गेला. वाट खुली करावी, तार काढावी, असा. तार काढायला मुखत्याराचीच माणसे आली. मला आदेशाची प्रत मिळाली ती मी वाचली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, तिची भाषा माझ्यापेक्षा बरी नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी माझे शिरोड्याला काम निघाले. काम संपवून मी बाजारात गेलो. जावे असे काही कारण नव्हते. ओट्याच्या कोपऱ्यावर एक तरुण बाई सुरमई मांडून बसली होती. तिच्यासमोर काकी उभी होती, पाटी कमरेवर.

“सर गो थोडा,” काकी म्हणाली.

“आता खंय सरू? चार म्हयने मी बसतंय हय.”

“बसलंस तां बरां केलंस. जागा गरम ऱ्हवली. आता सर.”

तरुण बाईने ओठ मुरडले. आजूबाजूच्या बायका पाहत होत्या. हे त्यांच्यातल्या कोर्टाचे कामकाज होते आणि तिथे माझ्यासारख्याला उभे राहायला जागा नव्हती. मी दोन पावले मागे सरलो. बऱ्याच वेळाने तरुण बाईने आपली पाटी हातभर डावीकडे ओढली. सगळी नाही. हातभर. काकी त्या हातभर जागेत बसली, पदराने ओटा पुसला, बांगडे ओळीने मांडले, त्यांच्यावर पाणी शिंपडले.

मग तिची नजर माझ्यावर गेली. मला वाटले, आता ती काही म्हणेल. अर्जाबद्दल, नकाशाबद्दल, त्या दिवसाबद्दल.

“बांगडे घेतलंस काय रे,” ती म्हणाली, “की नुसतोच उबो ऱ्हवन बघतलंस?”

मी अर्धा डझन घेतले.